‘अभिमान’ आणि ‘गर्व’: कमी-जास्त की वेगळेच?

प्रश्न: “बक्षीस समारंभात सूत्रसंचालक ‘आम्हाला तुमचा गर्व आहे’ असं म्हणाले, ते कानाला खटकलं. अभिमान प्रमाणाबाहेर गेला की त्याचा गर्व होतो, एवढाच या दोन शब्दांत फरक आहे का?”

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच. ‘गर्व से कहो’सारखी हिंदी वाक्यं आपल्या कानावर सतत पडतात. हिंदीत ‘गर्व’ चांगल्या अर्थानेही चालतो, मराठीत मात्र तो दोषच. आपल्याकडे अभिमान वाटतो किंवा आपण तो बाळगतो; गर्व होतो, चढतो आणि मग कुणीतरी तो उतरवतं. ‘ग ची बाधा’ म्हणतो त्यातला ‘ग’ही गर्वाचाच. ‘अभिमान’ मात्र आधीपासून इतका निर्दोष नव्हता. सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या जुन्या ग्रंथात अहंकाराची व्याख्याच ‘अभिमान’ अशी केली आहे, आणि आजही आपण एखाद्याला ‘निरभिमानी’ म्हणतो ते कौतुकानेच.

फरक प्रमाणाचा आहे, हे मात्र मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी 2007 साली या भावनेचे दोन वेगळे पैलू मांडले. एका बाजूला काहीतरी साधल्याचं समाधान आणि आत्मविश्वास, दुसऱ्या बाजूला तोरा, घमेंड, इतरांना तुच्छ लेखणं. यशाचं श्रेय माणूस कशाला देतो, यावर हे दोन पैलू वेगळे होतात असं त्यांचं म्हणणं. ‘मी अभ्यास केला म्हणून जमलं’ यातून अभिमान येतो, ‘मी मुळातच हुशार म्हणून जमलं’ यात गर्वाला वाव मिळतो. दोन्ही कारणं आपल्या आतलीच, पण मेहनत आपल्या हातात असते आणि उपजत हुशारी नसते. म्हणून जगज्जेत्यालाही नुसता अभिमान असू शकतो, आणि गल्लीतली स्पर्धा जिंकलेल्याला गर्व चढू शकतो.

अभिमानातून पुढचं काम का घडतं आणि गर्वातून का नाही, हे मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 सालच्या प्रयोगांत. त्यांनी थेट अभिमान मोजला नव्हता, फक्त शाबासकीचे शब्द बदलले होते. पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू चांगली मेहनत केलीस’ असं. मग बरीच अवघड कोडी दिली, आणि तिथे सगळ्यांचीच दमछाक झाली. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी होती. मेहनतीचं कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा सुधारली, हुशारीचं कौतुक झालेल्यांची घसरली. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले गुण लिहायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या पाचांपैकी जवळपास दोघांनी ते वाढवून लिहिले. ‘मेहनती’ गटात असं करणारी मुलं आठांत साधारण एक होती.

ते वाढवलेले गुण फार बोलके आहेत. हुशारी हेच यशाचं कारण मानलं, तर अपयशाचं कारण हुशारी नसणं हेच उरतं, आणि त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. मग ती हुशारीची प्रतिमा सांभाळायची तर खरे गुण लपवावे लागतात, अवघड काम टाळावं लागतं, समोरच्याला खाली दाखवावं लागतं. गर्विष्ठ माणसाला टीका इतकी का झोंबते, ते इथे कळतं. मेहनतीला श्रेय देणाऱ्यापुढे अपयशानंतरही एक काम शिल्लक असतं: अभ्यासाची पद्धत बदलणं. ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचा माग काढला, तेव्हा हेच दिसलं. पेपर वाईट गेल्यावर ज्यांना अभिमान कमी वाटला, त्यांनी अभ्यासाची रीत बदलायचं ठरवलं, आणि पुढच्या पेपरात त्यांचे गुण सुधारले. म्हणजे अभिमान न वाटणं हीसुद्धा एक कामाची सूचना असते.

देहबोलीवरून मात्र हा फरक ओळखता येत नाही. ताठ मान, पुढे काढलेली छाती, उंचावलेले हात दोन्हीकडे सारखेच. जिंकल्यानंतरच्या क्षणी नव्हे, हरल्यानंतर किंवा चूक दाखवल्यानंतर माणूस काय करतो ते पाहावं.

या मांडणीवर एक आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. गर्व मोजायला लोकांपुढे ‘घमेंडखोर’, ‘शिष्ट’ अशा शब्दांची यादी ठेवतात आणि ते स्वतःला किती लागू पडतात ते विचारतात. ज्याला खरोखर ग ची बाधा झाली आहे, तो ‘मी घमेंडखोर’ यापुढे खूण कशी करील? तो ‘यशस्वी’, ‘आत्मविश्वासू’ यांपुढेच करील. म्हणून अशा यादीत गर्व म्हणून जे मोजलं जातं, त्यात आपल्या वागण्याचा पश्चात्ताप झालेल्यांची कबुलीही मिसळलेली असू शकते.