लर्निंग लायसन्सची परीक्षा: क्लास की घरचा अभ्यास?

प्रश्न: मी कोल्हापूरची, वय १९. कारचं लर्निंग काढायचंय. लेखी परीक्षेसाठी ड्रायव्हिंग स्कूल लावू की घरीच अभ्यास करू?

उत्तर: लेखी परीक्षेसाठी घरीच कर. एका प्रकारच्या वाहनाला लर्निंगचे १५० आणि परीक्षेचे ५०, म्हणजे साधारण दोनशे रुपयांत काम होतं. sarathi.parivahan.gov.in वर सराव परीक्षा फुकट आहे, पासाला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. नापास झालीस तरी पुन्हा पन्नासच.

अडतात सगळे चिन्हांवर. आधी आकार बघायचा: लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ सक्ती करतं. मग जोड्या. निळ्या वर्तुळावर एकच तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंग नाही, फुली म्हणजे थांबायचंच नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत हे कुणी पाळत नाही, म्हणून रस्त्यावर बघून शिकू नकोस. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, हाही हमखास प्रश्न.

आधारवरून घरबसल्या परीक्षा देणार असशील तर उजेडात बस, कॅमेऱ्यात चेहरा नीट दिसू दे. एजंटला ओटीपी देऊन ‘तुम्हीच द्या परीक्षा’ असलं काही करू नको.

स्कूलचे काही हजार मात्र गाडी शिकायला जरूर घाल. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो, ते घरच्या गाडीत कुठलं? लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते, तेव्हा क्लास लर्निंग हातात आल्यावरच लाव.