अडकलेल्या बिलाचा पाठपुरावा

बिल कंपनीच्या पोर्टलवर 'Under Review' मध्ये अडकलं, की लगेच मेल ठोकू नकोस. आधी पोर्टलवरच नोंद टाक, कारण ती त्या बिलालाच चिकटून राहते आणि टेबलावरचा माणूस बदलला तरी नवा माणूस ती वाचतो. तिथे 'नमस्कार, कसे आहात' नको. पीओ नंबर, माल पोचल्याची तारीख, 'सही-शिक्क्याचं चलन जोडलं आहे, अजून काय हवं ते कळवा', एवढंच.

चार दिवसांत हालचाल नसेल तर ओळखीच्या माणसाला मेसेज कर: 'सर, ४१७ नंबरचं बिल स्टोअरकडे आहे की अकाउंट्सकडे?' प्रश्न एकच, एका शब्दात उत्तर देता येईल असा. रक्कम लिहू नकोस, रात्री पाठवू नकोस. मी एकदा ग्रुपवरच विचारलं होतं. साहेब दुखावले, बिल आणखी मागे गेलं.

'अकाउंट्सकडे आहे, बघतो' असं उत्तर आलं तर त्याच दिवशी मेल: 'आज बोलल्याप्रमाणे बिल अकाउंट्सकडे आहे. पेमेंटची तारीख कळवावी.' नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण हे वाक्य पहिल्या मेलमध्ये नको, मुदत उलटल्यावरच काढ.