गाठ धमनीतली की शिरेतली?

रक्त गोठण्याच्या कॅस्केडमधल्या फॅक्टरांचे आकडे पाठ करण्याआधी रक्ताचा वेग डोळ्यांसमोर आण. धमनीत चरबीचा थर फाटला की उघड्या कोलाजेनवर व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच्या आधाराने प्लेटलेट चिकटतात आणि वेगवान प्रवाहातही टिकून राहतात. म्हणून ती गाठ पांढरट, आणि हार्ट अटॅकमध्ये पहिली गोळी प्लेटलेटांना रोखणाऱ्या ॲस्पिरिनची, 300 मिलिग्रॅम, चावून. सोबत थ्रॉम्बिनला रोखणारं हेपरिनही देतात, कारण त्याच प्लेटलेटांच्या अंगावर फायब्रिनचं जाळं बनवणारं थ्रॉम्बिन तयार होत असतं.

शिरेत रक्त साचतं, थ्रॉम्बिन वाहून जात नाही आणि फायब्रिनच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी एकच पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते? डॉपलर कर. गाठ दिसली तर रक्तस्रावाचा धोका तपासून हेपरिन किंवा रिव्हारोक्साबॅन. तिथे नुसत्या ॲस्पिरिनवर भागवू नकोस.