'फुल अँड फायनल'वर सही झाली आहे. उरलेल्या २ लाख ९० हजारांसाठी पत्र लिहावं का?

प्रश्न: इचलकरंजीत माझा सूत आणि कापडाचा छोटा व्यवसाय आहे, मालकी माझी एकट्याची. गोदामाला आग लागली. साठ्याचा विमा ३० लाखांचा होता. सर्व्हेअरने नुकसान ११,६०,००० ठरवलं, पण कंपनीने 'अंडरइन्शुरन्स'च्या नावाखाली २५ टक्के कापून ८,७०,००० देऊ केले. मी मेलवर हरकत घेतली, तर उत्तर आलं की पूर्ण व अंतिम व्हाउचर सही करून आल्याशिवाय एक रुपयाही सुटणार नाही. बँकेचा कॅश क्रेडिट हप्ता ७० दिवस थकला होता, म्हणून नऊ दिवसांपूर्वी सही केली. काल पैसे बँकेत जमा झाले. आता भांडण्यात अर्थ आहे का? की वकिलात आणखी पैसे जातील? (गोदामात साधारण ६ लाखांचं सूत दुसऱ्या व्यापाऱ्यांचं होतं, जॉबवर आलेलं. त्याचं नुकसान कंपनीने धरलेलं नाही.)

उत्तर: पत्र लिहा, आणि याच आठवड्यात लिहा. वकिलाचा खर्च मात्र आत्ता करू नका. अशा प्रकरणात पत्राला टपालखर्चापलीकडे काही लागत नाही, पण उशीर झाला तर तेच पत्र निकामी ठरू शकतं.

तुम्ही कंसात टाकलेली गोष्ट खरं तर सगळ्यात महत्त्वाची आहे. कंपनीने कपात कशी केली ते पाहा. २५ टक्के कपातीचा अर्थ असा की कंपनीने गोदामात आगीच्या दिवशी ४० लाखांचा माल धरला आणि विमा ३० लाखांचा, म्हणजे विमा तीन चतुर्थांश मालाचाच. म्हणून नुकसानही तीन चतुर्थांशच द्यायचं, आणि ११,६०,००० चे ८,७०,००० होतात. गणित बरोबर आहे. प्रश्न ४० लाखांचा आहे. त्यात जॉबवर आलेलं ६ लाखांचं सूत धरलं असेल, तर तुमचा स्वतःचा माल ३४ लाखांचा होता. जे सूत तुमच्या विम्यात येत नाही म्हणून नुकसानातून वगळलं, तेच सूत साठ्याची किंमत फुगवायला वापरता येणार नाही. ३४ लाखांच्या मालाला ३० लाखांचा विमा म्हणजे कमतरता १२ टक्क्यांच्या आत. तुमची पॉलिसी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' असेल, तर १५ टक्क्यांपर्यंतचा अंडरइन्शुरन्स तीत माफ असतो. मग सर्व्हेअरने ठरवलेले ११,६०,००० पूर्ण देय ठरतात. पॉलिसीतली एक्सेसची, म्हणजे दाव्यातून विमाधारकाने स्वतः सोसायच्या रकमेची, वजावट इथे सोपेपणासाठी बाजूला ठेवली आहे. पॉलिसी दुसऱ्या प्रकारची असेल तर ही सूट असेलच असं नाही. तेव्हा ३४ लाखांवर प्रमाण लावून रक्कम सुमारे १०,२३,५०० येते, म्हणजे मागणी २ लाख ९० हजारांऐवजी दीड लाखाच्या आसपास. म्हणून आधी पॉलिसीचं पहिलं पान आणि अंडरइन्शुरन्सचं कलम वाचा, मगच आकडा लिहा.

आता सहीचा प्रश्न. 'फुल अँड फायनल' लिहून दिलं की दावा कायमचा संपला, अशी समजूत आहे आणि कंपन्यांना ती सोयीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात म्हटलं की केवळ व्हाउचरवर सही केल्याने ग्राहकाचा हक्क जात नाही; फसवणूक, चुकीची माहिती, गैरवाजवी प्रभाव किंवा जबरदस्ती झाली असेल तर तो दाद मागू शकतो. पुढे बोघरा पॉलीफॅब निकालात न्यायालयाने उदाहरणं दिली. पैशांसाठी अडलेल्या माणसाला 'सही केल्याशिवाय मान्य रक्कमही देणार नाही' असं सांगून छापील कागदावर सही घेतली, तर ती दबावाखालची मानली. उलट दोन्ही बाजूंनी बसून बोलणी झाली आणि पुढची कोर्टकचेरी टाळायला कमी रकमेवर राजीखुशीने तडजोड झाली, तर ती सही पक्की. तुमची गोष्ट पहिल्या बाजूला पडते, कारण कंपनीने मान्य केलेली रक्कमच अडवून धरली आणि ते तुम्हाला मेलवर लिहून दिलं. तो मेल म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. फोनवर ऐकवलं असतं तर सिद्ध करायला फार जड गेलं असतं.

तरी एक गोष्ट नीट समजून घ्या. 'मी आर्थिक अडचणीत होतो' एवढंच पुरत नाही. जीनस पॉवरच्या प्रकरणात न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण विमाधारकाने दबावाचा तपशील दिला नव्हता, त्याची आर्थिक स्थिती तेवढी बिकट नव्हती, आणि सहीच्या वेळी किंवा लगेच नंतर कुठलाही निषेध नोंदवला नव्हता. नोटीस जवळपास तीन आठवड्यांनी गेली होती. तीन आठवडे म्हणजे काही कायद्यातली मुदत नव्हे, पण न्यायाधीश या अंतराकडे बघतात. तुमचे नऊ दिवस झाले आहेत. अडचण तुमची होती, आणि कंपनीने ती माहीत असून पैसे अडवले, हे दोन्ही कागदावर यायला हवं. बँकेच्या ७० दिवसांच्या थकबाकीचं पत्र पहिल्याला पुरावा, कंपनीचा मेल दुसऱ्याला. ९० दिवस ओलांडले असते तर खातं एनपीए झालं असतं, हे पत्रात एका वाक्यात सांगा. कोणालाही घाई का होती ते तेवढ्यावरून कळतं.

पत्राचा मजकूर साधारण असा ठेवा. मराठीत लिहायला हरकत नाही, पण क्लेम विभाग राज्याबाहेर असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा.

"विषय: दावा क्र. ____, पॉलिसी क्र. ____, दि. ____ च्या डिस्चार्ज व्हाउचरला हरकत व उर्वरित रकमेची मागणी.

दि. ____ रोजी मी ८,७०,००० रुपयांच्या आकड्याला मेलवर हरकत घेतली होती. दि. ____ च्या मेलने आपण कळवलं की पूर्ण व अंतिम व्हाउचर दिल्याशिवाय कोणतीही रक्कम दिली जाणार नाही. त्या वेळी माझं कॅश क्रेडिट खातं ७० दिवस थकीत होतं (बँकेचं दि. ____ चं पत्र सोबत). अन्य मार्ग नसल्याने मी सही केली. ही सही माझ्या मुक्त संमतीने झालेली नाही आणि ती माझ्यावर बंधनकारक नाही.

मिळालेले ८,७०,००० रुपये मी दाव्यापोटी अंशतः मिळालेले म्हणून जमा धरत आहे. साठ्याच्या ४० लाख किमतीत अन्य व्यापाऱ्यांचं सुमारे ६ लाखांचं सूत धरलेलं आहे. त्याचं नुकसान आपण दाव्यात धरलेलं नाही, म्हणून ते साठ्याच्या किमतीतूनही वगळावं. त्यानुसार उर्वरित २,९०,००० रुपये आणि लागू नियमांनुसार व्याज द्यावं. सर्व्हे अहवालाची पूर्ण प्रत आणि कपातीचं कारण सात दिवसांत लेखी द्यावं."

शेवटच्या परिच्छेदात 'जमा धरत आहे' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. सही नाकारायची तर पैसे परत करावे लागतील का, ही भीती अनेकांना असते. इथे कंपनीने जेवढं मान्य केलं तेवढंच तुमच्याकडे आलं आहे. ते परत पाठवू नका, फक्त अंशतः मिळाले असं स्पष्ट लिहा. शिवीगाळ, 'फसवणूक', 'भ्रष्ट सर्व्हेअर' असलं काही टाकू नका. जे सिद्ध करता येणार नाही, ते लिहिलं की जे करता येतं त्याचंही वजन कमी होतं.

सोबत जॉबवर्कची डिलिव्हरी चलनं, त्या व्यापाऱ्यांची खातेनोंद आणि त्यांच्याकडून 'हे सूत आमचं होतं' अशी साधी लेखी पुष्टी जोडा. चलनं नसतील तर दावा इथेच लंगडा पडतो, कारण सर्व्हेअर म्हणेल की गोदामात होतं ते सगळं तुमचंच. बँकेकडे तारण साठ्याच्या मासिक स्टेटमेंटमध्ये तुम्ही हे सूत स्वतःचं दाखवलं नव्हतं ना, तेही आधी तपासा. तसं दाखवलं असेल तर कंपनी तेच स्टेटमेंट तुमच्यापुढे ठेवेल, आणि बँकेशीही वेगळा प्रश्न उभा राहील. साठा बँकेकडे तारण असल्याने पॉलिसीत बँकेचं कलम असतं आणि बँकेची पावतीही कंपनीला मुक्तता देऊ शकते. म्हणून पत्राची प्रत शाखा व्यवस्थापकाला द्या आणि बँकेने वेगळं व्हाउचर दिलं आहे का ते विचारा.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती ठेवा. हीच तक्रार विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा. व्हाउचर दिलं म्हणून अधिक रक्कम मागण्याचा हक्क जात नाही, असं नियामकाने सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. मात्र त्यानंतर परिपत्रकांची बरीच पुनर्रचना झाली आहे, त्यामुळे पत्राचा मुख्य आधार न्यायालयीन निकाल ठेवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. एकट्याच्या मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग तिथे बसतात, ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे, फी नाही आणि वकील चालत नाही. नकारापासून एका वर्षात तक्रार द्यावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो. तो पटला नाही तर तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातली तक्रार तुम्ही भरलेल्या प्रीमियमवर मोजली जाते, दाव्याच्या रकमेवर नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. व्यवसायाचा विमा घेणाऱ्यालाही ग्राहक मानता येतं, हे हर्सोलिया मोटर्सच्या २०२३ च्या निकालात स्पष्ट झालं आहे. आयोगाची मुदत दोन वर्षं. ती आगीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद उरत नाही. लोकपालाकडे गेलेल्या वेळामुळे ती आपोआप वाढेल असं धरू नका. मात्र दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही.

वकील लागलाच तर आयोगाच्या टप्प्यावर, आणि तोही आधी फी ठरवून. २ लाख ९० हजारांच्या वादात फी ५० हजारांच्या पुढे जायला लागली, तर लोकपालापर्यंतच थांबणं मला शहाणपणाचं वाटतं. तोपर्यंत ही रक्कम येणारच असं धरून सूत उधारीवर उचलू नका. कॅश क्रेडिटच्या पुढच्या तीन महिन्यांच्या हिशेबात ती शून्य धरा.