अज्जीसाठी कुदुरे, आईसाठी घोडा

“आमचा मुलगा दोन वर्षे एक महिन्याचा आहे. मी त्याच्याशी मराठीत बोलते, त्याचे बाबा आणि अज्जी कन्नड बोलतात, सांभाळायला येणाऱ्या मावशी हिंदी बोलतात. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा पूर्ण वाक्ये बोलतो. हा मात्र एकेक शब्द, तोही निम्मा मराठी, निम्मा कन्नड. प्लेग्रुपमधल्या बाईंनी सांगितले की भाषांचा गोंधळ झाला आहे, घरी फक्त इंग्रजी बोला. महिनाभर आम्ही तसे करतो आहोत, पण तो उलट गप्पच होत चालला आहे. आमचे काय चुकले?”

पुण्यात राहणारे हे कुटुंब माझ्याकडे आले, तेव्हा मी आईला आधी एक वही घालायला सांगितले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) वहीत मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी असे चार रकाने आखायचे, आणि आठवडाभर मुलाच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द त्या त्या रकान्यात लिहायचा. नियम दोनच होते. कोणी म्हणून दाखवल्यावर त्याने उच्चारलेला शब्द धरायचा नाही, त्याने आपणहून आणि एकाहून अधिक वेळा त्याच अर्थाने वापरलेला शब्द धरायचा. आणि उच्चार बोबडा असला तरी शब्द धरायचा. कन्नड रकाना अज्जींनी सांगून भरून घ्यायचा होता, कारण आईला कन्नड जेमतेम कळत असे.

आठवड्याने वही परत आली, तेव्हा मराठीचे ४६, कन्नडचे ३८, हिंदीचे ९ आणि इंग्रजीचे ७ शब्द भरले होते. एकूण १००. त्यांतील २१ गोष्टींना त्याच्याकडे दोन दोन नावे होती, जसे ‘पाणी’ आणि ‘नीरु’, ‘दूध’ आणि ‘हालु’. ती एकदाच मोजली तरी ७९ वेगवेगळ्या गोष्टी तो नाव घेऊन सांगू शकत होता. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्द जोडून बोलण्याची सुरुवात असावी, अशी ढोबळ अपेक्षा आम्ही धरतो. आई आतापर्यंत केवळ पहिला रकाना मोजत होती आणि त्याची तुलना अशा मुलाशी करत होती, ज्याच्या जागेपणाचे सगळे तास एकाच भाषेत जातात. याचे तास वाटले गेले होते, म्हणून शब्दही वाटले गेले होते.

राहिला प्रश्न गोंधळाचा. त्याचे उत्तर मला वहीत नव्हे, खोलीत मिळाले. खेळता खेळता त्याचा लाकडी घोडा टेबलाखाली पडला. तो आईकडे वळून म्हणाला, “घोडा पडला.” आईने ऐकले, पण ती माझ्याशी बोलत होती. मग तो अज्जींकडे गेला आणि म्हणाला, “अज्जी, घोडा बेकु.” ‘बेकु’ म्हणजे ‘हवा’. माणूस बदलल्याबरोबर त्याने क्रियापद बदलले होते. घोड्याला कन्नडमध्ये ‘कुदुरे’ म्हणतात, पण तो शब्द वहीत नव्हता, म्हणजे त्याच्याकडे अजून आलाच नव्हता. तेवढी जागा त्याने मराठी शब्दाने भरून काढली. ज्या मुलाचा गोंधळ झाला असेल, त्याने आईला ‘बेकु’ आणि अज्जींना ‘हवा’ असे कसेही म्हटले असते. वहीतल्या नोंदी पाहिल्या, तर तसे क्वचितच घडले होते.

लहान मूल हे कसे साधते, याची मुळे पहिल्या वाढदिवसाच्याही आधी असतात. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ होते. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना तो कळला, कारण त्यांच्या कानांवर असा फरक करणारी भाषा पडलेलीच नव्हती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्या वयाच्या बाळांना मात्र तो कळत होता. म्हणजे बाळ सुरुवातीला सगळ्यांसाठी कान उघडे ठेवते आणि जे रोज ऐकू येते, तेवढे राखते. आमच्या या मुलाने ‘बेकु’ आणि ‘बेक्कु’ हे दोन्ही राखले होते. दुसऱ्या शब्दातला ‘बे’ आखूड आणि ‘क’ दुहेरी, आणि त्याचा अर्थ मांजर. आईला हे दोन शब्द वेगळे ऐकू येत नव्हते; मुलगा ते अचूक वापरत होता.

मग तो गप्प का होऊ लागला? मी घरातल्या दिवसाचे वेळापत्रक लिहून घेतले. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत तो अज्जींजवळ असे. त्यांना इंग्रजी येत नसल्याने “फक्त इंग्रजी” ठरल्यापासून त्या त्याच्याशी जवळजवळ बोलेनाशा झाल्या होत्या. चुकीचे काही शिकवले जाईल, या भीतीने. आंघोळीच्या वेळची गाणी आणि भाकरी थापताना चालणारे सवाल-जवाब बंद झाले, आणि त्या जागी टॅबवर इंग्रजी बालगीते आली. आईबाबांचे इंग्रजी कार्यालयासाठी उत्तम होते, पण मुलाशी बोलताना ते ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढ्या आज्ञांवर येऊन थांबत होते. पडद्यावरचे बोलणे या वयात माणसाच्या बोलण्याची जागा घेत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषिक व्यक्ती प्रत्यक्ष खेळली, तेव्हा ती बाळे त्या भाषेतले ध्वनी शिकली. तेच बोलणे चित्रफितीवर दाखवलेली बाळे शिकली नाहीत. मला त्या सल्ल्याचे सर्वाधिक वाईट वाटते ते यामुळे, की त्याने घरातली सर्वांत बोलकी व्यक्ती गप्प केली.

तरीही मी कानांची तपासणी करून घ्यायला सांगितलेच आणि ती व्यवस्थित निघाली. हा टप्पा गाळू नये, कारण “दोन भाषा आहेत, उशीर होणारच” ही समजूतही तितकीच घातक आहे. खरा अडथळा असेल, तर तो मुलाच्या सगळ्याच भाषांत दिसतो, आणि बहुधा बोलण्याबरोबर समजण्यातही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या दोन्ही रकान्यांत मिळून बारा शब्द होते आणि मागून हाक मारली तर ती वळत नसे. तिच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेले निघाले. वर्ष झाले तरी बोट दाखवणे किंवा ‘बाबाबा’ असे बडबडणे नसेल, दोन वर्षांनंतर कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडले जात नसतील, किंवा आलेले शब्द जात असतील, तर भाषा कमी करत बसू नये, तपासणीला जावे.

या घरात मी एवढेच ठरवून दिले, की ज्याला जी भाषा सहज येते, त्याने तीच बोलावी. मुलगा अज्जींना “घोडा बेकु” म्हणाला, तर “असे म्हणू नकोस” न म्हणता त्यांनी “कुदुरे बेका? तगो, कुदुरे” म्हणत घोडा हातात द्यावा. टॅब जेवणाच्या वेळी नको. इंग्रजीसाठी प्लेग्रुपचे दोन तास आणि पुढची सारी शाळा आहेच.

तीन महिन्यांनी वही पुन्हा आली. शब्दांची मोजणी आईने मध्येच सोडून दिली होती, कारण लिहून पुरे होत नव्हते. शेवटच्या पानावर तिने एकच प्रसंग नोंदवला होता. तिने कौतुकाने त्याला विचारले होते, “तुझी कुदुरे कुठे आहे?” त्यावर तो गंभीरपणे म्हणाला होता, “आई, तू घोडा म्हण. कुदुरे अज्जीची.”