जुना टीबी, माहेरचं नाव आणि कॅनडाची मेडिकल

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली. माझे मिस्टर कॅनडात पीआरवर आहेत. त्यांनी मला बोलावण्यासाठी अर्ज केला आणि आता मेडिकलचं पत्र आलं. २०१४ मध्ये, लग्नाआधी, माहेरी वरोरा तालुक्यात मला फुप्फुसाचा टीबी झाला होता. आधी खासगी डॉक्टरांकडे दाखवलं, मग सरकारी दवाखान्यातून सहा महिने डॉट्सच्या गोळ्या घेऊन बरी झाले. कागद मराठी-इंग्रजी मिसळलेले, काही पुसट, आणि सगळ्यांवर माहेरचं नाव. एजंट म्हणतो, टीबीचं बोलूच नका, व्हिसा जाईल. नागपूरची मामेबहीण इंग्रजीची शिक्षिका आहे, ती भाषांतर करून देते म्हणते. सांगू की नको? आणि कागद कसे लावू?

उत्तर : ताई, सांगायचं. एजंटाचा सल्ला कायद्याच्या दृष्टीनं धोक्याचा आहेच, पण आधी साधी व्यवहाराची गोष्ट बघा. फुप्फुसाचा टीबी बरा झाल्यावरही बहुतेकदा छातीच्या एक्स-रेवर जुना व्रण राहतो. कॅनडासाठी अकरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक्स-रे होतो. म्हणजे तुम्ही 'कधीच नव्हता' असं लिहून द्याल आणि तासाभरात फिल्म दुसरंच बोलेल. मग डॉक्टरांपुढे प्रश्न टीबीचा राहणार नाही, तुम्ही लपवलं का, हा होईल.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात दोन कलमं तुमच्या कामाची आहेत. कलम ३८ सांगतं की सार्वजनिक आरोग्याला धोका असेल तर प्रवेश नाकारता येतो. हे चालू, संसर्गजन्य टीबीला लागू होतं, आणि तोही उपचार पूर्ण होईपर्यंतच. औषध पूर्ण घेऊन शांत झालेल्या टीबीमुळे अर्ज नाकारला जात नाही. फार तर तिकडे पोचल्यावर स्थानिक आरोग्य विभागाकडे हजेरी लावायची अट घालतात. याच कलमात 'आरोग्यसेवेवर जादा भार' असं दुसरं कारण आहे, पण स्पॉन्सर केलेल्या पती-पत्नीला ते लागूच नाही. आता कलम ४०. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा लपवली तर पाच वर्षं प्रवेशबंदी, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. बरा झालेला आजार सांगण्यात जवळजवळ काही जात नाही आणि लपवण्यात पाच वर्षं जातात. ती पाच वर्षं एजंटाची नसतात, म्हणून तो इतक्या सहज बोलतो.

एजंटाचा गोंधळ कुठून आला असावा, याचाही मला अंदाज आहे. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'गेल्या दोन वर्षांत' टीबी होता का, असं विचारतात. तिथं २०१४ च्या आजारासाठी 'नाही' हे खरं उत्तर असू शकतं. मेडिकलच्या वेळी मात्र पूर्वी कधीही झाला होता का, असं विचारतात. प्रश्नातला काळ वाचूनच उत्तर द्यायचं.

आता कागद. सगळी पिशवी उलटी करू नका. तपासणाऱ्या डॉक्टरांना तीनच गोष्टी कळायला हव्यात : निदान कशावरून झालं, कोणतं औषध किती दिवस घेतलं, आणि शेवट कसा झाला. तुमच्या काळच्या सरकारी टीबी कार्डावर हे बहुतेक सगळं असतं. २०१४ ला पहिल्या वेळच्या रुग्णाला 'कॅटेगरी एक' म्हणत. औषध आठवड्यातून तीनदा असे, पहिल्या टप्प्यात २४ आणि दुसऱ्या टप्प्यात ५४ डोस. मध्ये आणि शेवटी थुंकी तपासून निकालाच्या रकान्यात 'क्युअर्ड' किंवा 'ट्रीटमेंट कम्प्लीटेड' लिहीत. थुंकीत जंतू सापडले होते आणि शेवटी थुंकी निगेटिव्ह आली, तर पहिला शेरा. कोर्स पूर्ण झाला पण शेवटची थुंकी तपासल्याची नोंद नसेल, तर दुसरा. दोन्ही चालतात, फक्त दुसऱ्या शेऱ्यावर प्रश्न जास्त येतात, तेव्हा हा रकाना आधी बघून ठेवा. रोज गोळी देण्याची पद्धत देशभर २०१७ नंतर आली. त्यामुळे आजच्या डॉक्टराला आठवड्यातून तीनदा औषधाचं कार्ड अर्धवट उपचारासारखं वाटू शकतं. हे समजावणं भाषांतरकाराचं काम नाही. त्यासाठी सध्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून चार ओळींचं इंग्रजी पत्र घ्या, की त्या वेळी राष्ट्रीय कार्यक्रमाची हीच पद्धत होती.

कार्ड सापडत नसेल किंवा निकालाचा रकाना पुसला असेल, तर वरोऱ्याच्या टीबी युनिटला किंवा चंद्रपूरच्या जिल्हा क्षयरोग केंद्राला लेखी अर्ज करा. मागणी नेमकी लिहा : टीबी रजिस्टरमधल्या माझ्या नोंदीची साक्षांकित प्रत आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला. उपचारावेळी मिळालेल्या ओळखपत्रावरचा टीबी क्रमांक असेल तर तो घाला, नसेल तर माहेरचं पूर्ण नाव, गाव आणि उपचार सुरू झाल्याचा महिना. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यांनी टोलवलं तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. 'वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, माहिती तुमचीच आहे. रजिस्टर नष्ट झालं असेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी मागा. तुम्ही शोध घेतला होता, याचा तो पुरावा होतो.

खासगी डॉक्टरांकडून फार अपेक्षा ठेवू नका. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल केलेल्या रुग्णांच्या नोंदीसुद्धा उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं ठेवायच्या असतात, म्हणजे २०१४ ची फाइल नसली तरी त्यांचा दोष नाही. नोंद असेल तर मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागते. मात्र 'जुनी तारीख टाकून सर्टिफिकेट देतो' असं कुणी म्हणालं, मग ते डॉक्टर असोत की एजंट, तिथून उठून या. खोटा दस्त करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली आपल्याकडेच गुन्हा आहे, कॅनडा पुढची गोष्ट. आजच्या तारखेचं, 'माझ्याकडील नोंदीनुसार' असं लिहिलेलं पत्र मात्र चालतं.

जुन्या एक्स-रेची फिल्म असेल तर ती सगळ्यात मोलाची. नवी आणि जुनी शेजारी ठेवून व्रण तसाच आहे की वाढला, हे रेडिओलॉजिस्टला बघता येतं. फिल्म दुमडू नका, मूळ कार्डाला लॅमिनेशनही करू नका.

भाषांतराचं काम तुम्हाला वाटतं त्याहून लहान आहे. प्रिस्क्रिप्शन, लॅबचा रिपोर्ट, एक्स-रेचा रिपोर्ट आपल्याकडे इंग्रजीतच असतात. मराठीत निघतील ते कार्डावरचे छापील मथळे आणि हाताचे शेरे, दवाखान्याचा दाखला, कदाचित रेफरल चिठ्ठी, आणि ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला. तेवढंच करून घ्या.

पण मामेबहिणीकडून नको. अर्जदारानं स्वतः किंवा त्याच्या नातेवाइकानं केलेलं भाषांतर कॅनडा स्वीकारत नाही, आणि त्या नातेवाइकांच्या यादीत आई-वडील, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे यांच्यासोबत चुलत-मामे-आते-मावस भावंडंही आहेत. ती व्यवसायानं भाषांतरकार असती तरी नाही. नात्याबाहेरचं, दोन्ही भाषा नीट जाणणारं कुणीही चालेल, अगदी तुमच्या कॉलेजचे निवृत्त प्राध्यापकसुद्धा. व्यावसायिक संस्थेचा प्रमाणित भाषांतरकार नसेल तर त्यांना नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करावं लागेल : मला मराठी आणि इंग्रजी येतात, सोबत जोडलेल्या अमुक कागदाचं हे खरं आणि अचूक भाषांतर आहे. नोटरीचा शिक्का त्या शपथेवर असतो, भाषांतर बरोबर असल्याची हमी नोटरी देत नाही. म्हणून ज्या प्रतीवरून भाषांतर केलं तिच्या प्रत्येक पानावर भाषांतरकाराची सही हवी, आणि प्रत, भाषांतर, प्रतिज्ञापत्र हे तिन्ही एकत्र लावलेले हवेत.

भाषांतरकाराला तीन गोष्टी बजावून सांगा. तारखेतला महिना अक्षरांत लिहायचा, कारण ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ तिकडे होतो. वाचता न येणारा शब्द अंदाजानं भरायचा नाही, तिथं 'वाचता येत नाही' असंच इंग्रजीत लिहायचं. आणि कार्डावर चूक असेल, समजा वय २३ ऐवजी २५ पडलंय, तर भाषांतरात ती तशीच ठेवायची. मूळ कागद आणि भाषांतर जुळलं नाही तर आख्ख्या गठ्ठ्यावरचा भरवसा जातो.

वयाची चूक आणि नावातला फरक यांचा खुलासा वेगळ्या कागदावर करायचा. तुम्ही स्वतः प्रतिज्ञापत्र करा की माहेरचं अमुक नाव आणि पासपोर्टवरचं तमुक नाव एकाच व्यक्तीचं आहे. त्याला विवाह नोंदणी दाखला भाषांतरासह आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव दोन्हीकडे जुळलं की शंका उरत नाही. राजपत्रात नाव छापून आणायची गरज मला या कामासाठी दिसत नाही.

लावायचा क्रम असा : वर एक पान, त्यावर तारखेनुसार चार-पाच ओळींचा गोषवारा, मग कार्ड, थुंकीचे रिपोर्ट, एक्स-रे रिपोर्ट, पत्रं, आणि शेवटी नावाचे कागद. मूळ प्रती सोबत न्या, पण द्यायच्या त्या झेरॉक्स.

मेडिकल फक्त कॅनडाच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरांकडेच होते, आपल्या ओळखीच्या एमबीबीएसचा दाखला तिथं चालत नाही. पत्र आल्यापासून साधारण तीस दिवसांत जायचं असतं, म्हणून कागद पूर्ण नाहीत म्हणून तारीख घालवू नका. आहेत ते न्या आणि बाकीचे मागितलेत हे पोच दाखवून सांगा. कागद उत्तम असले तरी थुंकीच्या तीन तपासण्या सांगतील, असं धरूनच निघा. त्यासाठी वेगवेगळ्या दिवशी नमुने द्यावे लागतात, म्हणजे त्या शहरात मुक्काम आला. थुंकीतले जंतू वाढवून बघतात, त्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. त्या काळात अर्ज थांबलेला दिसेल, तो नाकारलेला नसतो. मंजुरी देणं न देणं पॅनल डॉक्टरांच्या हातात नाही, ते अहवाल कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाला पाठवतात, त्यामुळे 'डॉक्टरला सांगून करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि एजंटानं तुमच्या नावानं आजवर जे फॉर्म भरलेत, त्या सगळ्यांच्या प्रती आजच मागून घ्या. कुठं चुकीचं 'नाही' गेलं असेल तर मेडिकलच्या आधी इमिग्रेशन विभागाच्या वेबफॉर्मवरून स्वतः दुरुस्ती कळवा आणि पाठवलेल्याची प्रत जपून ठेवा.