पासपोर्टसाठी कुठला पत्ता लिहायचा?

तू विचारलंस, आधारवर तासगावजवळच्या गावचा पत्ता आहे आणि राहतोस विश्रामबागेत भाड्यानं, मग पासपोर्टला कुठला लिहू? तू सध्या राहतोस तो, म्हणजे विश्रामबागेचा. पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. सोपं पडतं म्हणून गावचा लिहिलास, तर हवालदार गावात चौकशी करणार आणि शेजारी सांगणार, "पोरगं सांगलीत असतंय." तिथंच प्रतिकूल अहवाल जातो.

म्हणून आधी नोंदणीकृत भाडेकरार लावून आधारवरचा पत्ता बदलून घे, मग अर्ज कर. करारातलं आणि आधारवरचं घर क्रमांकाचं लिखाण अक्षरशः जुळू दे. एका पोराच्या करारात "फ्लॅट ४" आणि आधारवर "घर नं. ४" होतं. तेवढ्यावरून त्याला पुन्हा कागद आणायला लावले, मी शेजारीच बसलो होतो.

पासपोर्टही स्पीड पोस्टानं त्याच पत्त्यावर येतो, त्यामुळे इथं राहण्याचा आणि टपालाचा पत्ता वेगळा ठेवता येत नाही. पॅनचं तसं नाही. तिथं पत्रव्यवहारासाठी कार्यालयाचा पत्ता चालतो, कार्डावर तर पत्ता छापतच नाहीत.

गावचं घर सोडायचं नाही, हे मला कळतं. पण आधार बदललं म्हणून तुझा अधिवास जात नाही. तो दाखला राज्याचा असतो, महाराष्ट्रातल्या 15 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. सातबाऱ्यावरचं नावही तसंच राहतं. मतदारयादीत मात्र जिथं राहतोस तिथलंच नाव हवं. गावात नुसतं घर असून भागत नाही. त्यासाठी नमुना 8 भर.